सांत्वनाचे पत्र : छापील वाक्ये गाळताना आणि मर्यादा राखताना

रायगडच्या किनाऱ्यावरील गावांत दुखवट्याला स्वतः जाण्याची रीत आजही पाळली जाते. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात कोणाच्या घरी मृत्यू झाला, की सुतक फिटेपर्यंत पडवीत सतरंजी अंथरलेली असते आणि येणारा माणूस फारसे न बोलता थोडा वेळ बसून उठतो. न बोलता बसण्याची ही मुभा पत्र लिहिणाऱ्याला नसते. त्याला शब्दच पाठवावे लागतात, आणि शब्द सुचत नसले की हात आपोआप ठरीव वाक्यांकडे वळतो. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेल्या, भर पावसाळ्यात गावी पोचू न शकणाऱ्या मित्रावर हा प्रसंग नेहमी येतो.

मराठीतील ही ठरीव वाक्ये कोठून आली, हे पाहिले तर ती गाळणे सोपे जाते. त्यांतील बरीचशी वृत्तपत्रांतील निधनवार्ता, शोकसभांचे ठराव आणि चौकांत लागणारे फलक यांतून घरगुती पत्रांत शिरली आहेत. काही तारेतून आली. जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारसेवेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे दुःख मोजक्या आणि सर्वांना कळणाऱ्या शब्दांत बसवावे लागे. ठरावाला किंवा तारेला ती भाषा शोभतही असे, कारण ठराव संस्थेचा असतो आणि त्यात एका माणसाचा आवाज अपेक्षितच नसतो. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे शब्द सहकारी पतपेढीच्या ठरावात खटकत नाहीत. तीस वर्षांच्या मित्राच्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात मात्र ते वाचणाऱ्याला परके वाटतात.

त्याआधीच्या पत्रव्यवहाराला स्वतःचे संकेत होते. निधनाची बातमी कळविणाऱ्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत, आणि अनेक घरांत अशा कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातातील कार्ड पाहूनच घरातील माणसे समजत. सांत्वनाचे पत्र लिहितानाही पुष्कळ जण माथ्यावरचा ‘श्री’ टाळतात. सुतकात नमस्कार करू नये आणि आशीर्वाद देऊ नये असे मानणारी घरे अजून आहेत. ‘स.न.वि.वि.’ने केलेली सुरुवात तेथे सवयीची वाटली तरी प्रसंगाला सोडून होते. थेट नावाने किंवा नात्याने हाक मारून सुरुवात करणे सर्वांत निर्धोक.

पत्र कसे सुधारायचे, हे नियमांपेक्षा एका नमुन्यावरून अधिक स्पष्ट होईल. प्रसंग असा धरू. श्रीवर्धनमधील एक बागायतदार साठीच्या आतच हृदयविकाराने गेला. घरची पोफळीची वाडी, रोठा सुपारीचे उत्पन्न, घरात वृद्ध आई, पत्नी, नोकरीला लागलेला मुलगा आणि शिकणारी मुलगी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने झोपवल्या. त्यात या घराचीही वाडी गेली. पुढच्या वर्षी त्याने नवी रोपे लावली होती. गावात त्याला सारे ‘भाऊ’ म्हणत. पत्र लिहिणारा त्याचा कॉलेजातील मित्र, सध्या पुण्यात. तो भाऊच्या पत्नीला लिहीत आहे. त्याच्या हातून उतरलेला पहिला मसुदा असा :

“आदरणीय सौ. वहिनी, स.न.वि.वि. भाऊच्या अकाली निधनाची बातमी ऐकून आमच्यावर आकाशाची कुऱ्हाड कोसळली. क्रूर काळाने आमच्यावर घाला घातला. भाऊ म्हणजे हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी व्यक्तिमत्त्व. त्याच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. तुमचे दुःख मी समजू शकतो, कारण गेल्या वर्षी माझे वडील गेले तेव्हा मीही याच अवस्थेत होतो. वाडीच्या कर्जाची काळजी त्याला आतून पोखरत होती, हे तो मला फोनवर सांगत असे. वेळीच मुंबईला नेले असते, तर कदाचित आजचे चित्र वेगळे असते. पण ईश्वरेच्छेपुढे कोणाचे चालते? आता मुलांकडे पाहून तुम्हाला खंबीर व्हावेच लागेल. गेल्या पाच वर्षांत मला यायला जमले नाही, याची खंत मला आयुष्यभर राहील. काहीही लागले तर निःसंकोच सांगा. मृतात्म्यास शांती लाभो व हे दुःख सहन करण्याचे बळ परमेश्वर तुम्हाला देवो.”

असे पत्र लिहिणारा माणूस खोटा नसतो. त्याला वाईट वाटले आहे, आणि ते वाईट वाटणे मसुद्यात कोठे कोठे डोकावतेही. तरीही या पत्रात दोन अगदी वेगळ्या जातींचे दोष आहेत. काही वाक्ये कोणाच्याही मृत्यूला लागू पडतात. ती निर्जीव आहेत, पण निरुपद्रवी आहेत. काही वाक्ये मात्र खास याच घराला लागू पडतात आणि म्हणूनच इजा करतात. ठरीव वाक्ये काढण्याच्या नादात बहुतेकांचे लक्ष पहिल्या जातीवर असते, दुसरी तशीच राहून जाते.

पहिली जात ओळखण्याची कसोटी सोपी आहे. वाक्यातील नाव काढून तेथे दुसऱ्या कोणाही दिवंगताचे नाव घालावे. वाक्य तसेच उभे राहिले तर ते गाळावे. कुऱ्हाड, घाला, पोकळी, ईश्वरेच्छा, शेवटची प्रार्थना ही सारी या कसोटीत जातात. ‘हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी’ ही विशेषणेही जातात. त्यांत असत्य काही नाही, पण ती त्या माणसाकडे न पाहताही लिहिता येतात. कुऱ्हाडीच्या वाक्यात आणखी एक गोम आहे. ती कोसळली ती ‘आमच्यावर’. ज्या घरावर ती खरोखर कोसळली त्या घराला पुण्याहून हे कळविणे विचित्र होते. मसुद्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची रूपे मोजली तर ती आठ भरतात. सांत्वनाचे पत्र लिहिणाऱ्याबद्दलच किती बोलते, हे पाहण्यासाठी अशी मोजदाद करून पाहण्यासारखी आहे.

आता दुसरी जात. पहिलाच शब्द ‘सौ.’ घ्यावा. गेल्या आठवड्यापर्यंत पाकिटावर तेच लिहिले जात होते, म्हणून हात तसाच चालतो आणि वाचणारीला पहिल्या ओळीतच ठेच लागते. त्याऐवजी जुन्या वळणाचे ‘गं. भा.’ घालणे त्याहून वाईट. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्यास विभागाला सांगितले, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली आणि हा निर्णय नसून केवळ विचारार्थ सूचना होती, असा खुलासा करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून त्याचा कित्ता गिरविण्यास इतर ग्रामपंचायतींना सांगितले होते. पत्रात ‘कुंकवाचा धनी’, ‘सौभाग्य लोपले’ असे शब्द आले, की ठरावाने जे थांबवायचे तेच पत्राने घडते. पाकिटावर ‘श्रीमती’ आणि आत ‘वहिनी’ एवढे पुरते. ज्या हाकेने ती बाई त्या मित्राला वर्षानुवर्षे ओळखते, ती हाक बदलण्याचे कारण नाही.

‘कै.’चेही तसेच. पहिल्या काही दिवसांत घरच्या माणसाला आपल्या माणसाच्या नावामागे ते अक्षर पाहणे जड जाते. फलकावर आणि निमंत्रणात ते येणारच आहे. मित्राच्या पत्रात त्याची आवश्यकता नाही.

‘तुमचे दुःख मी समजू शकतो’ या वाक्यामागचा हेतू चांगला असतो, पण लगेच स्वतःच्या वडिलांची गोष्ट येते आणि पत्राची दिशा बदलते. ऐंशीच्या घरातील वडील जाणे आणि साठीच्या आतील नवरा अचानक जाणे यांची तुलना ऐकणाऱ्याला करायला लावणे योग्य नाही. ‘खंबीर व्हावेच लागेल’ हा तर आदेश आहे. तो त्या बाईला दिवसातून दहा जणांकडून मिळत असतो.

‘वेळीच मुंबईला नेले असते तर’ हे वाक्य या किनाऱ्यावर विशेष जपून टाळावे असे आहे. श्रीवर्धनहून मुंबई रस्त्याने पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर दूर आहे आणि अत्यवस्थ रुग्णाला घेऊन माणगावच्या किंवा मुंबईच्या वाटेला लागलेल्या घरांच्या मनात ते तास कायमचे राहतात. आधी निघायला हवे होते का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेलाच असतो. बाहेरच्या माणसाने तो कागदावर उमटवला, की शंकेचे आरोपात रूपांतर होते. ‘नेमके काय झाले?’ ही विचारणाही त्याच पंक्तीतली. ज्याला सांगायचे आहे तो सांगतो.

कर्जाचे वाक्य सर्वांत घातक. त्यात तीन गोष्टी एकाच दमात घडतात. भाऊने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड होते. घरच्यांना कर्जाचा आकडा पूर्ण ठाऊक नसेल, तर तो प्रश्न चुकीच्या वेळी आणि चुकीच्या वाटेने त्यांच्यासमोर येतो. आणि मृत्यूचे कारण जणू निश्चित केले जाते. पोफळ लावल्यापासून धरायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. तोवर नव्या वाडीतून उत्पन्न नाही, त्यामुळे वादळानंतर पुन्हा लागवड केलेल्या घरांवर कर्ज असणे ही या भागात नवलाची बाब नाही. पण ते सांत्वनाच्या पत्राचे काम नाही. व्यवहाराची काही माहिती खरोखर मित्राजवळच असेल आणि ती घरच्यांना कळणे गरजेचे असेल, तर ती काही आठवड्यांनी, मुलाशी, समोरासमोर आणि त्याने कागदपत्रे काढल्यावर बोलावी.

आता राहिलेली खंत. पाच वर्षांत गेलो नाही, ही गोष्ट लिहिणाऱ्याला खरोखर टोचत असते आणि नेमकी म्हणूनच ती पत्रात जागा अडवते. वाचणारीवर तिचा परिणाम असा होतो, की तिने उलट त्याचीच समजूत काढावी. ‘असे मनाला लावून घेऊ नका’ हे वाक्य तिच्याकडून वदवून घेणारे पत्र सांत्वनाचे राहत नाही. ‘काहीही लागले तर सांगा’ या वाक्यातही काम तिच्याकडेच सोपविले जाते. काय लागेल याचा विचार तिने करायचा, मग संकोच बाजूला सारून तिनेच फोन करायचा. सहसा तो फोन येत नाही.

एवढे सगळे गाळल्यावर पुष्कळदा ‘वहिनी, भाऊ गेल्याचे कळले. फार वाईट वाटले’ एवढेच उरते. हे पत्र रुक्ष दिसते, पण पाठवायला हरकत नसलेले आहे. पहिल्या मसुद्यापेक्षा ते निःसंशय बरे. येथून पुढे मात्र उलट्या बाजूचा धोका सुरू होतो. कोरेपणा घालविण्यासाठी लिहिणारा जवळिकीची भर घालू लागतो. दुसऱ्या मसुद्यात अशी वाक्ये हमखास येतात :

“कितीतरी गोष्टी भाऊ फक्त माझ्याजवळच बोलत असे. घरात कोणाला सांगू नये ते मला सांगत असे. ही वाडी त्याचा जीव होती. ती आता मुलांनीच उभी करायची आहे.”

यांतील एकही वाक्य ठरीव नाही. सगळी खास आहेत, कदाचित खरीही आहेत. पण पहिली दोन वाक्ये पत्नीला असे सांगतात, की तिच्या नवऱ्याचा एक भाग तिला ठाऊक नव्हता आणि तो दुसऱ्याला ठाऊक होता. ती पुढे कित्येक महिने तो भाग कोणता असेल याचा विचार करीत राहील. शेवटचे वाक्य मुलांच्या पायांत दोर बांधते. मुलगा नोकरी सोडून वाडी पाहणार की वाडी खंडाने देणार, हा त्या घराचा निर्णय आहे. मृताच्या इच्छेचा हवाला देऊन बाहेरच्याने त्यात बोलणे ही मर्यादेबाहेर जाण्याची सर्वांत सभ्य दिसणारी तऱ्हा होय.

मग आपुलकी आणायची कशी? कोकणात पत्र बहुधा एकट्याने वाचले जात नाही. कोणीतरी ते पडवीत, आत्या-मावश्या आणि शेजारी बसलेले असताना मोठ्याने वाचून दाखवितो. आठवण निवडताना ही पडवी डोळ्यांसमोर ठेवावी. तेथे वाचली गेली तरी कोणालाही मान खाली घालावी लागू नये, अशी ती हवी. ती लहान हवी, एका दिवसाची, एका वाक्याची, आणि शक्यतो घरच्यांना ठाऊक नसलेली, तरीही त्यांना ओळखीच्या माणसाचीच वाटणारी. गुणवर्णन करू नये. प्रसंग सांगितला की गुण आपोआप दिसतो. आठवणीत घरची माणसे कोठेतरी असतील तर उत्तम, कारण मग ती आठवण केवळ दोन मित्रांची राहत नाही.

तपशील खरा असल्याची खात्री करून घेणे हेही आलेच. सांत्वनपत्रांच्या इतिहासात सर्वाधिक गाजलेल्या पत्रांपैकी एक अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने २१ नोव्हेंबर १८६४ रोजी बॉस्टनच्या मिसेस बिक्सबी यांना गेले. यादवी युद्धात या बाईंचे पाच मुलगे कामी आले, अशी माहिती युद्धखात्याने दिली होती आणि पत्र त्यावरच बेतलेले आहे. प्रत्यक्षात पाचांपैकी दोघेच लढाईत पडले होते. ते पत्र लिंकन यांनी स्वतः लिहिले की त्यांच्या सचिवाने, हा वाद अजून मिटलेला नाही. पण माहिती चुकीची होती, याबद्दल वाद नाही. लिंकन यांना घर ओळखीचे नव्हते. मित्राला ती सबब नाही. मुलगी कितव्या वर्षाला आहे, आई हयात आहेत ना, मृत्यू घरी झाला की रुग्णालयात, यांपैकी ज्याबद्दल खात्री नाही ते लिहू नये किंवा गावातील तिसऱ्या माणसाला फोन करून विचारून घ्यावे. त्या घरी विचारू नये.

या साऱ्याला धरून तिसऱ्यांदा लिहिलेले पत्र असे होते :

“वहिनी,

भाऊ गेल्याचे काल रात्री कळले. तेव्हापासून त्याचाच विचार मनात आहे.

अलिबागला कॉलेजात असताना आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कदाचित ठाऊक नसेल अशी एक गोष्ट लिहितो. ‘निसर्ग’ वादळानंतर बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन लागला. वाडीतल्या किती पोफळी पडल्या, असे विचारले. पडलेल्यांचा आकडा त्याने सांगितलाच नाही. आधी तुम्ही सगळे सुखरूप असल्याचे सांगितले आणि मग म्हणाला, ‘एकतीस उभ्या आहेत.’ त्यानंतर काही बिनसले, की मला ते एकतीस आठवतात.

आईंना माझी आठवण सांगावी.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी श्रीवर्धनला येईन. कॉलेजातली त्याची काही छायाचित्रे माझ्याकडे आहेत, त्यांच्या प्रती घेऊन येतो. त्या दिवशी भेट नको वाटली तर मुलाकडून तसा निरोप पाठवावा. प्रती शेजारी ठेवून जाईन. या पत्राला उत्तर देण्याची गरज नाही.”

या पत्रात दुःख हा शब्द एकदाही आलेला नाही, हे कदाचित लक्षात येणार नाही. वादळाची आठवण त्यात आहे पण कर्ज नाही. वाडी आहे पण तिचे पुढे काय करायचे याचा उल्लेख नाही. मैत्री तीन वर्षांच्या खोलीपुरती सांगितली आहे, त्याहून अधिक हक्क सांगितलेला नाही. मदतीच्या जागी एक ठरावीक दिवस आणि एक ठरावीक वस्तू आली आहे. भेट नाकारण्याची वाट मोकळी ठेवली आहे आणि ती मुलाच्या मार्फत ठेवली आहे, म्हणजे नकार देणेही वहिनींना जड जाऊ नये. उत्तराचे ओझे काढून घेतले आहे. सोबत येण्याजोगी वस्तू छायाचित्रेच असावी असे नाही. पण जुनी छायाचित्रे ही घराला हमखास हवी असतात आणि ती परत द्यावी लागत नाहीत.

‘तो’ म्हणावे की ‘ते’, हा मराठीतील एक खास पेच. वहिनींना लिहिताना मित्राचा एकेरी उल्लेख चालतो, कारण तिने तो आयुष्यभर तसाच ऐकलेला असतो, आणि अचानक ‘ते’ म्हणणे दुरावा आणते. मुलाला लिहिताना मात्र ‘तुझे बाबा’ आणि ‘ते’. मुलाच्या पत्रात ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य टाळावे. पंचविशीतल्या मुलाला ते तेराव्यापर्यंत इतक्या वेळा ऐकावे लागते, की त्याला वडिलांसाठी रडायला उसंत मिळत नाही. आईंना वेगळी ओळ का, असेही कोणी विचारील. वृद्ध आईचे दुःख अशा घरांत सुनेच्या आणि नातवंडांच्या दुःखामागे पडते, म्हणून ती ओळ असावी. तिला वेगळे पत्र लिहिता आले तर आणखी चांगले.

या किनाऱ्यावर मित्र केवळ हिंदू घरांत असतात असे नाही, आणि ठरीव वाक्यांचा पोकळपणा इथे अधिक उघडा पडतो. ‘मृतात्म्यास सद्गती लाभो’ किंवा ‘स्वर्गवासी’ हे शब्द मुरूडच्या मुसलमान कुटुंबाला, कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबाला किंवा नागाव-रेवदंड्याच्या बेने इस्रायली कुटुंबाला जसेच्या तसे पाठविणे म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणे. उलट त्यांच्या प्रार्थनेचे शब्द उसने घेऊन लिहिणेही बेतलेले दिसते. जे शब्द लिहिणाऱ्याच्या तोंडी कधी नसतात ते अशा वेळी एकदम येऊ नयेत. नावाने उल्लेख आणि एक आठवण सर्व घरांत चालते. वेळेचे भान मात्र घराघरांत निराळे ठेवावे लागते. मुसलमान घरांत सर्वसाधारण दुखवटा तीन दिवसांचा असतो, पण पत्नी चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. त्या काळात तिला परक्या पुरुषाने भेटायला येण्याचा दिवस कळविणे उचित नव्हे. पत्र मुलाच्या नावे लिहावे आणि तिची विचारपूस त्यात असावी. एकेकाळी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायलींमध्ये शोकाचे पहिले सात दिवस घरी बसून पाळतात. त्यांची पुष्कळशी घरे आता इस्राएलमध्ये आहेत. तेथल्या वडीलधाऱ्यांना मराठी पत्र पोचते, नातवंडांना ते कोणी वाचून दाखवावे लागते. अशा पत्रात वाक्ये लहान ठेवावीत.

पत्र कधी पाठवावे, याबद्दल उगाच घाई केली जाते. पहिल्या दोन दिवसांत मोबाइलवर दोन ओळींचा निरोप पुरे : “वहिनी, भाऊचे कळले. आज फोन करीत नाही, पत्र लिहितो आहे.” तो कुटुंबाच्या किंवा वर्गमित्रांच्या सामायिक गटावर न टाकता थेट पाठवावा, गटावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या रांगेत तो त्यांतलाच एक होतो. पत्र तेराव्यानंतर पोचले तरी बिघडत नाही. किंबहुना तेव्हाच ते अधिक वाचले जाते. तेरा दिवस घर भरलेले असते, चौदाव्या दिवशी मुंबईचे नातेवाईक सकाळच्या एस. टी.ने परततात आणि पडवीतील सतरंजी उचलली जाते. महिना उलटल्यावर लिहायचे असेल तर उशिराबद्दल परिच्छेदभर कारणे देऊ नयेत. ‘आधी लिहायला हवे होते’ एवढे एकदा म्हणून पुढे जावे.

हाताने लिहावे की टंकलिखित, यात फारसे काही नाही. अक्षर वाचता येत असेल तर हाताने लिहावे. पाठविण्याआधी पत्र एक रात्र ठेवावे आणि सकाळी दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला लावून आपण ऐकावे. जेथे ऐकताना अवघडल्यासारखे होते, ते वाक्य बहुधा लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेले असते. वरच्या नमुन्यातही असे एक वाक्य शोधता येईल. ‘त्यानंतर काही बिनसले, की मला ते एकतीस आठवतात’ हे काहींना पत्र लिहिणाऱ्याकडे झुकलेले वाटेल आणि ते गाळले तरी पत्र उभे राहते. ते ठेवण्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की भाऊचे ते उत्तर आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, हे त्याच्या घराला त्यातून कळते.